सतरा पोत्यांची वही

ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली रयतेच्या मुलांसाठी बोर्डिंग उभारले, त्याच गावी वसतिगृहात राहून पदवीचे शेवटचे वर्ष पुरे करणारी, सांगलीच्या हळदबाजारात हमाली करणाऱ्या बापाची आणि घरातली पहिलीच कॉलेजात आलेली एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या निबंधाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. मर्यादा ५०० शब्दांची होती, मजकूर ६१२ शब्दांचा होता. आणि ज्या वाक्याखाली दुसऱ्या कोणाचेही नाव घातले असता चालले असते, अशा प्रत्येक वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढीत गेलो, तेव्हा अठराविश्वे दारिद्र्य, रक्ताचे पाणी, शिक्षणाची गंगा हे सारे रेघांखाली जाऊन जेमतेम चार वाक्ये मोकळी उरली.

त्या चारांपैकी एकात एका वहीचा ओझरता उल्लेख होता. मी त्याविषयी विचारले. "त्यात काय सर, आबा सांजच्याला पोती सांगायचं, मी लिवायची," ती म्हणाली. आणि मग हळूहळू कळले, की पाचवीपासून ती दररोज बापाने वाहिलेल्या पोत्यांची नोंद ठेवीत असे आणि एका दिवाळीला अडतीवरच्या हिशेबात सतरा पोती कमी धरली गेली, तेव्हा तारीखवार नोंद दाखवून तिने ती हमाली मिळवली होती. संख्याशास्त्रच का शिकायचे आहे, या निबंधातल्या प्रश्नाचे याहून खरे उत्तर मला तरी सुचत नाही.

पण इथेच माझ्या हातून प्रमाद घडला. तिच्या बोलण्यावरून उतरवताना मी लिहिले : 'त्या वहीने मला गणिताच्या उपासनेची दीक्षा दिली.' तिने ते वाचले, थोडी घुटमळली आणि म्हणाली, "सर, मुलाखतीत दीक्षा म्हणजे काय विचारलं तर मी काय सांगू?" मी वाक्य खोडले. त्यानंतर कागदावर मी फक्त प्रश्न लिहिले. उत्तरे तिने लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली, कारण जिथे वाचताना तिचा स्वर शाळेतल्या भाषणासारखा चढे, तिथे शब्द उसना आहे हे दोघांनाही कळे.

दुसरी दुरुस्ती दस्तऐवजांनी करायला लावली. निबंधात बाप 'निरक्षर' होता, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रावर त्याची सही होती. तपासणाऱ्याला ही तफावत लबाडी वाटली असती. खरी गोष्ट अशी, की तो दुसरीपर्यंत शिकला होता, सही करी, परंतु हिशेब वाचू शकत नसे. तिने तेवढेच लिहिले, आणि वही तिच्याकडे का आली, तेही त्या एका वाक्यात उलगडले.

अर्ज रवाना झाला तेव्हा निबंध ४७१ शब्दांचा होता. पहिले वाक्य होते : 'आबा सांगायचं, मी लिवायची.'