कवितेआधीची दोन मिनिटं

घशाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली, म्हणून यंदा पाठांतराच्या कार्यक्रमात कवितेआधीचं भाषण नववीतल्या एका मुलीकडे गेलं. मी फक्त लिहून द्यायचं. आजवर कागद न घेता उभा राहायचो, आणि कवितेपेक्षा मलाच जास्त टाळ्या पडल्या की आतून सुखावायचो.

कविता पहिल्या पावसाची, बारा ओळींची. दुपारची उकड, वावटळ, अंगणात वाळत घातलेले पापड, ते गोळा करायला धावलेली आजी, पत्र्यावर वाजणारे थेंब, आणि मातीचा वास थेट शेवटच्या ओळीत. कवीने तो तिथवर राखून ठेवलाय. भाषणातच ‘मृद्गंध’ म्हणून टाकलं, तर पोरगं अकरा ओळी म्हणत जाणार आणि बाराव्या ओळीला सभागृहात कुणी मान वर करणार नाही. पण पहिल्या पावसावर बोलायचं आणि वासाचं नावही काढायचं नाही, हे जमवायचं कसं? ‘तापलेली जमीन’ लिहिलं, तरी ऐकणारा पुढचं मनात म्हणून मोकळा. ‘ओलावा’ लिहिलं, खोडलं.

वाट सापडली ती पापडांत. हा पाऊस मृगाचा नव्हे, वळवाचा. मृग निघतो जूनच्या 7-8 तारखेला. तोवर आमच्याकडे पापड डब्यात गेलेले असतात. शिवाय आजी घरात शिरते न शिरते तोच कवितेत पुन्हा ऊन पडतं. मृगाचा पाऊस असा घाईने उरकत नाही. मग भाषणात लिहिलं: ‘या पावसावर कुणी पेरणी करत नाही. उलट तो आजीचं काम वाढवतो. तरीही ती दारात का थांबली, ते कवितेत ऐका.’ जमिनीचं नावही न काढता ऐकणाऱ्याला दारापर्यंत आणून सोडलं.

हल्लीचे निवेदक मात्र मोबाइलवर पाहून जिओस्मिन आणि मातीतले जिवाणू सांगतात. खोटं काहीच नसतं त्यात, पण नंतर कवितेने काय करायचं? दुसरे कुणी पहिल्या पावसाला बालकवींचा श्रावण आणतात. श्रावणापर्यंत पिकं चांगली गुडघ्याला लागलेली असतात! वर्णन सुंदर असलं की महिना कोण बघतो.

तालमीत मुलीने माझं सर्वांत लाडकं वाक्य गाळलं. आभाळाला आजीची घाई कळली, असं काहीतरी होतं ते. का गाळलंस, विचारलं.

“सर, तिथे सगळे तुमच्याकडे बघतील.”

राग आला. वाक्य वहीत उतरवून ठेवलंय, दुसऱ्या एखाद्या कवितेआधी वापरीन.