बस्त्याचा भाव

आमच्या भवानीनगरला दिवसाच्या पहिल्या विक्रीलाही भवानीच म्हणतात. गावाच्या नावाचा आणि त्या शब्दाचा काही संबंध नसेल, पण सकाळी सकाळी एखादं गिऱ्हाईक घासाघीस करून निघून गेलं की अब्बा हमखास म्हणायचे, "भवानीनगरात दुकान आणि भवानीच नाही." कापडाचं दुकान त्यांनी सुरू केलं, मी ते चालवतो. इथलं सगळं अर्थकारण उसावर. कारखान्याचा हंगाम सुरू होतो, पहिलं बिल खात्यावर पडतं आणि मग लग्नाचे बस्ते बांधायला माणसं येतात. वर्षभर टॉवेल-बनियन विकून जेवढं होत नाही तेवढं चार महिन्यांच्या बस्त्यांत होतं. म्हणून घासाघीशीचं खरं शिक्षण बस्त्यातच मिळतं. एका साडीवरचे 20 रुपये सोडणं सोपं असतं. 50 साड्यांच्या गठ्ठ्यावर कुणी "राउंड फिगर करा" म्हणालं की आकडा हजारांत जातो, आणि समोर नवरीचे मामा, काका, आत्या असे सात-आठ जण बसलेले असतात.

आधी हिशोब सांगतो, कारण तो दुकानदारांच्याही डोक्यात नीट नसतो. साडी मला 800 ला पडली आणि मी 1000 ला विकली, तर 200 मिळाले. बाहेरच्याला वाटतं, 200 मिळतात, तर 100 सोडायला काय हरकत आहे? पण दुकानाचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार, मालाची वाहतूक आणि कपाटात पडून रंग उडालेल्या मालाचं नुकसान, हे सगळं धरलं तर माझ्याकडे 100 रुपयांच्या विक्रीमागे सुमारे 10 रुपये खर्च होतात. म्हणजे त्या 200 मधले 100 दुकानाने आधीच खाल्लेले असतात. 5 टक्के सोडले की माझी खरी कमाई निम्मी होते आणि 10 टक्के सोडले की शून्य. सवलत विक्रीतून जात नाही, ती नफ्यातून जाते.

मग किंमतच चढवून का लिहू नये? हजाराची साडी पंधराशेला लावायची आणि भांडून भांडून हजारला द्यायची. तसं करणारे आहेत. पण त्यात एक गोची आहे. जो गिऱ्हाईक बोलका आहे त्याला ती हजारला मिळते आणि गप्प बसणाऱ्या म्हातारीला पंधराशेला. गावात हे लपत नाही. बचत गटाच्या बैठकीत दोघी एकीला एक लागून बसतात, पदर हातात घेऊन विचारतात, "केवढ्याला घेतली?" त्या दिवशी एक गिऱ्हाईक तुटत नाही, अख्खी आळी तुटते. म्हणून मी भाव लावतानाच जेमतेम 5 टक्क्यांची जागा ठेवतो, आणि जे सोडतो त्याला मोठ्याने सांगता येईल असं कारण असतं: नगाचं कारण, रोखीचं कारण. "त्यांना का कमी केलं?" असं कुणी विचारलं तर "त्यांनी 40 नग घेतले, तुम्हीही घ्या, तुम्हालाही तोच भाव" हे उत्तर तयार असतं.

आता एक बस्ता सांगतो. मागच्या हंगामातला आहे, घर सणसरच्या बाजूचं, नावाची गरज नाही. नवरीचा शालू 8,500 चा. तिच्याच चार साड्या 2,200 प्रमाणे. मानाच्या आठ साड्या 950 च्या. आहेराच्या 40 साड्या 350 प्रमाणे. आणि टॉवेल-टोपी-उपरण्याचे 50 संच 120 ला एक. एकूण 44,900. माझी खरेदी 36,280 होती. म्हणजे हातात 8,620, त्यातून दुकानाचा खर्च साडेचार हजार.

मामांनी कागद उलटा केला आणि म्हणाले, "शेठ, 38 हजार. रोख मोजतो. न्हाईतर बारामती काय लांब न्हाई."

बेरीज होण्याआधी मी मनात तळाचा आकडा ठरवून ठेवतो. हा माल असाच जाणार असेल तर 42 हजार, त्याखाली नाही. हा आकडा आधी ठरवावाच लागतो, कारण आठ माणसांच्या गलक्यात तो ठरवायला गेलं की गलकाच ठरवतो. 38 हजाराला दिला असता तर दुकानाचा खर्च धरून मी दोनेक हजार पदरचे घातले असते.

पण मी आकड्याला आकड्याने उत्तर दिलं नाही. मी 44 म्हणालो असतो तर ते 39 म्हणाले असते, आणि मधल्या 41-42 वर दोघं जाऊन आदळलो असतो. मी विचारलं, "मामा, यातलं नेमकं काय महाग वाटतंय?" हा प्रश्न मला फार उपयोगी पडत आला आहे. कारण सबंध बस्ता महाग वाटतोय असं सहसा नसतं. कुठेतरी एक काटा टोचत असतो. मामांचा काटा आहेराच्या साड्यांत होता. "बारामतीला हीच साडी 290 ला हाय," असं म्हणत त्यांनी पिशवीतून नमुनाच काढला.

अशा वेळी दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही, हा अब्बांचा नियम. "तो माल हलका आहे" म्हटलं की तो आणणारा माणूस हलका ठरतो. मी फक्त मीटरपट्टी काढली. त्यांचा नमुना साडेपाच मीटर भरला. माझी साडी सहा मीटर 30. वरचे 80 सेंटिमीटर म्हणजे ब्लाउजपीस. मापताना मी काही बोललो नाही, पट्टी आत्याच्या हातात दिली आणि त्यांनीच मोजलं. आहेर घेणारी बाई ब्लाउजपीस आहे का ते आधी बघते हे मामांपेक्षा आत्याला जास्त माहीत होतं.

तरी बजेट हा प्रश्न खराच होता, तो मापाने सुटत नाही. मग मी माल बदलायचं सुचवलं. "सगळ्या 40 जणींना एकच साडी कशाला? जवळच्या 15 जणींना 350 ची ठेवा. लांबच्या 25 जणींना ही 300 ची द्या, हिच्यातही ब्लाउजपीस आहे, काठ तेवढा बारीक." ही 300 ची साडी मला 255 ला पडते आणि 350 ची 300 ला. गिऱ्हाइकाचे 1,250 वाचले आणि माझ्या हातून गेले फक्त 125. भाव कमी करण्यात आणि माल बदलण्यात हा एवढा फरक आहे. बिल 43,650 वर आलं आणि मामा पहिल्यांदा पाठीला टेकून बसले.

मग ते सुरू झालेच. "खरेदी सांगा. शपथ घिऊन सांगा, तुम्हाला पडली केवढ्याला."

हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे, आणि त्याचं उत्तर मी लहानपणी दुकानात बसूनच शिकलो. आपल्या फिक़्हमध्ये विक्रीचे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. मुसावमा म्हणजे खरेदी न सांगता दोघांनी बोलून भाव ठरवायचा. मुराबहा म्हणजे खरेदी सांगायची आणि त्यावर ठरलेला नफा घ्यायचा. पहिल्यात खरेदी लपवली तर गुन्हा नाही. पण दुसऱ्यात आकडा तोंडातून काढला की तो पैशापैशाला खरा असावा लागतो, खोटा निघाला तर गिऱ्हाइकाला दाद मागता येते. "मलाच 340 ला पडली हो" हे वाक्य बाजारात सर्रास चालतं. ते बोलणारा दुकानदार नकळत पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात शिरतो आणि तिथे खोटं बोलतो. शिवाय शपथेने माल खपतो पण बरकत जाते, ही शिकवण प्रत्येक मुसलमान दुकानदाराने ऐकलेली असते. मी मामांना म्हणालो, "खरेदी सांगत नाही आणि शपथही घेत नाही. भाव सांगतो, तो पटला तर घ्या." अजून तरी या उत्तराने कुणी रागावलेलं नाही. खोटी शपथ ऐकायची सवय झालेल्या माणसाला नकार बरा वाटतो, असा माझा अंदाज आहे.

शेवटी पैसे सोडायची वेळ आली. ते एकदाच सोडायचे, आणि सोडताना बदल्यात काही मागायचं. फुकट सोडलेल्या 500 रुपयांनी गिऱ्हाइकाला एवढंच कळतं की अजून 500 निघतील. मी म्हणालो, "सगळे पैसे आज रोख देणार असाल तर 42,500. वर शालू आणि नवरीच्या चार साड्यांचं फॉल-पिको माझ्याकडून." फॉल-पिकोला बाहेर त्यांचे 600 गेले असते, आमच्या टेलरकडे माझे 350 जातात. रोखीची अट उगाच नव्हती. बस्त्याचे 30 हजार उधारीत अडकले तर घाऊक व्यापारी रोखीला जे दोन टक्के सोडतो ते माझ्या हातून जातात, म्हणजे 600 रुपये. वसुलीच्या फेऱ्या वेगळ्या. भाव कमी आणि वर उधारी, हे दोन्ही मी कधीच एकत्र देत नाही.

मामा 42 वर अडून बसले. तेव्हा मी आकडा हलवला नाही, दुसरंच दिलं. "पाहुणे किती येतील याचा तुम्हालाही अंदाज नाही. आहेराच्या उरलेल्या साड्या लग्नानंतर 15 दिवसांत आणा, घडी मोडलेली नसली तर परत घेतो. बदल्यात दुसरा माल न्या." यात माझं जवळपास काही जात नाही, आहेराची साडी हा चालू माल आहे, पुढच्या बस्त्यात खपते. त्यांच्या दृष्टीने मात्र आठ-दहा साड्या वाया जायची भीती संपते. शालूला मी ही सूट देत नाही. तो एकदा घराबाहेर गेला की त्याची घडी नव्याने बसत नाही आणि दुसरी नवरी तो लगेच ओळखते.

आत्याच म्हणाल्या, "बांधा आता, दादा. उन्हं उतरली." मग गल्ल्याशेजारचा कुंकवाचा करंडा काढला. तो अब्बांनी दुकानात ठेवलेला, बस्त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय गाठ मारायची नाही हे इथल्या घरांचं रीतीचं काम आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला शेजारी कुंकू मागायला जावं लागू नये. आत्यांनी बोट लावलं, पोऱ्याने गाठ मारली. माल, टेलर आणि दुकान यांचं सगळं वजा जाता त्या दिवशी माझ्या हाती पावणेतीन हजारांच्या आसपास राहिले. न घासता गेला असता तर चार हजार राहिले असते.

असं दर वेळी जमत नाही. काही गिऱ्हाइकं तळाच्या आकड्याखालीच बसलेली असतात, ती उठली तर उठू द्यावीत. मी एवढंच बघतो की उठताना हात कुठे आहे. काढून ठेवलेल्या गठ्ठ्यावर हात असेल तर माणूस फाटकापर्यंत जाऊन परत येतो. पाय पायताणात आणि डोळे रस्त्यावर असतील तर तो चाललाय. त्याला चहा पाजून पाठवतो आणि त्याने बाजूला काढलेल्या साड्या संध्याकाळपर्यंत तशाच ठेवतो. बारामतीहून रिकाम्या हाताने परतलेली जीप अंधार पडताना दुकानासमोर थांबलेली मी पाहिली आहे, आणि तेव्हा भाव वाढवायचा नाही. सकाळी सांगितला तोच.

मामा लग्नानंतर बाराव्या दिवशी आले, नऊ साड्या घेऊन. त्यातल्या तिघींची घडी मोडलेली होती. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच त्या तीन बाजूला काढून पिशवीत ठेवल्या. उरलेल्या सहांच्या बदल्यात पोरांच्या शाळेच्या गणवेशाचं कापड मोजून घेतलं आणि मीटरपट्टी स्वतःच्याच हातात धरली.