सामानाची यादी : दृश्य पहिलं, पहाट

लघुकथेची संहिता दोन पानांची आहे. गाव ढाणकी, मार्गशीर्षातला गुरुवार, झुंजुमुंजू. फुलं विकणारी बाई आपल्याजवळचा सर्वांत चांगला हार एका अनोळखी माणसाला देते. एवढंच घडतं. गोष्ट एका संध्याकाळी लिहून झाली. मग तिला लागणाऱ्या सामानाची यादी करायला बसलो, आणि एकेका वस्तूपाशी थांबत गेलो.

दुरडी. वेळूच्या कामट्यांची, बुरडाच्या हातची. खुडलेलं फूलही श्वास घेतं, ऊब सोडतं. दुरडीच्या फटींतून ती ऊब निघून जाते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडते आणि फुलं खालून काळी पडू लागतात. बाई फुलांवर पाणी मारत नाही, दुरडीवर ओलं फडकं टाकते. पाकळ्यांच्या मुळाशी पाणी साचलं की पहाटे टवटवीत दिसणारं फूल दुपारपर्यंत कुजतं. आता बहुतेक ठिकाणी फुलं पिशवीतूनच येतात आणि पिशवीतूनच विकली जातात.

कंदील. त्याच्या पिवळ्या उजेडात पांढरी आणि पिवळी शेवंती चटकन वेगळी ओळखू येत नाही. शिळं फूलही डोळ्यांना कळत नाही, म्हणून ते हाताने ओळखायचं. फूल उलटं करायचं, देठापाशी अंगठ्याने दाबायचं. ताजं असेल तर घट्ट लागतं. शिळं मऊ लागतं आणि त्याची पाकळी हलक्या ओढीने हातात येते. संहितेत बाईची पहिली कृती हीच आहे: ती फुलांकडे न बघता फुलं निवडते आहे. आज दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली ही कृती दाखवली, तर ती असं का करते हे कुणाला कळणार नाही.

देठ. ही वस्तू यादीत लिहावी लागेल असं वाटलं नव्हतं. शेवंतीचा हार दोन तऱ्हांनी होतो. एक ओवलेला: फुलाच्या बुडातून सुई घालून फुलं दोऱ्यात सारायची. दुसरा गुंफलेला: दोन फुलं या अंगाला, दोन त्या अंगाला धरायची आणि देठांभोवती फास टाकून आवळायची. गुंफलेल्या हारात फुलाला भोक पडत नाही, म्हणून तो जास्त टिकतो. पण त्याला बोटाच्या पेरभर देठ लागतो. बाजारात किलोवर येणाऱ्या सुट्या फुलांना बहुधा देठ नसतो. देठ गेला, म्हणून गुंफण गेली. बाईच्या हातातली कला कुणी हिरावून घेतली नाही, तिला धरायला जागा उरली नाही.

सोपट. केळीच्या खुंटाचं. ढाणकी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो, आणि तिथलं अर्धापूर तर केळीसाठीच ओळखलं जातं. म्हणजे सोपटाला या भागात तोटा नाही, ते सोलणारे हात कमी झाले. वाळलेलं सोपट पाण्यात भिजवायचं, नखाने उभं चिरायचं, दोऱ्याएवढी पट्टी काढायची. ओली पट्टी मऊ असते, देठ कापत नाही. सुकताना आकसते आणि फास आपोआप घट्ट होतो. नायलॉनचा दोरा जरा जोराने ओढला की कोवळा देठ तुटतो. सोपट फुलांबरोबर कुजून जातं; नायलॉन निर्माल्यातून नदीत जातो, गुराच्या पोटात जातो.

फास बरोबर बसला का, हे बघायचीही रीत आहे. हार एका टोकाने उचलायचा आणि हलकेच झटकायचा. सैल बसलेली फुलं गळतात. संहितेत बाई हार झटकते. एकही फूल पडत नाही. हा आजचा सर्वांत चांगला हार, हे बघणाऱ्याला तिथे कळतं.

हात. माप म्हणून. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बाईने हा हार तीन हात केला आहे, एका घरच्या गुरुवारच्या घटासाठी. हात ज्याचा त्याचा, म्हणून मापही ज्याचं त्याचं. गिऱ्हाईक तक्रार करत नसे, कारण त्याला तो हात ओळखीचा होता.

पळसाचं पान. मार्गशीर्षात पान जून, जाड आणि चिवट झालेलं असतं. पुढे ते पिवळं पडून झडतं. दोन पानं एकावर एक, मध्ये फुलं, कडेला काडी टोचली की पुडा तयार. राज्यात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी फुलं पानाकडे परत आली नाहीत. पळस अजून आहे. पहाटे उठून पानं तोडून आणणारं माणूस नाही.

मुक्कामी गाडी. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी एसटी. अनोळखी माणूस त्या गाडीसाठी आलेला आहे. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा जो लांबलेला संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी गावांत मुक्कामाला गाडी पुन्हा आली नाही. मुक्कामी गाडी नसली की पहाटे चौकात परका माणूस नसतो, आणि माझी गोष्टही नसते.

बोहनी. दिवसातली पहिली विक्री. ती रोखीने व्हायची, उधार नाही, फुकट तर नाहीच. पैसे आधी दुरडीला लावायचे, मग कपाळाला. आता मोबाईलमधून आवाज येतो, पैसे मिळाल्याचा. दुरडीला लावायला काही नसतं.

इथे यादी थांबवून संहितेतला भाग उतरवतो, कारण पुढची वस्तू त्यातच आहे.

*(माणूस येतो. खांद्यावर टॉवेल, हातात काही नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज.)*

माणूस : मावशी, हार पाहिजे.

बाई : कोणत्या देवाला, भाऊ?

*(माणूस बोलत नाही. दुरडीकडे बघत राहतो.)*

बाई : लांब जायचं आहे का?

माणूस : नदीच्या पल्याड. दुपार व्हायच्या आत पोचलं पाहिजे.

*(बाई समोरचे लहान हार बाजूला सारते. फडक्याखालून घटाचा हार काढते. बोटं पाण्यात बुडवते. हाराची दोन्ही टोकं जिथे बांधली आहेत, ती गाठ ओली करते आणि सावकाश सोडते. हार आता गोल नाही, लांब झाला आहे. पळसाच्या पानांत ठेवते.)*

*(माणूस सुटलेल्या टोकांकडे बघतो. मग तिच्याकडे. खिशात हात घालतो.)*

बाई : येताना द्या. गाडी निघेल.

गाठ. देवाच्या आणि उभ्या माणसाच्या गळ्यात हार डोक्यावरून घालतात, म्हणून त्याची टोकं बांधतात. निजवलेल्या माणसाचं डोकं उचलावं लागू नये म्हणून हार मोकळा ठेवून छातीवर पसरता येतो. माणसाने काहीच सांगितलं नव्हतं. बाईने विचारलंही नाही. तिने गाठ सोडली.

सोपटाची गाठ ओल्या बोटांनी सुटते. नायलॉनची कापावी लागते, आणि मयताचा हार कापायला बाई कात्री हातात घेणार नाही. म्हणून यादीत सोपटाच्या जागी दोरा चालणार नाही.

नोट. एक, माणसाच्या खिशातली. बाहेर निघत नाही. गाडी गेल्यावर बाई दुरडीतली उरलेली शेवंती पुढ्यात ओढते, सोपटाची नवी पट्टी चिरते. गुरुवारचा घट सूर्य वर यायच्या आत सजायला हवा. आज अजून बोहनी व्हायची आहे.