दोन एकरांतला एक ग्रॅम

शिरोळकडच्या आमच्या दोन एकर उसाच्या रानातली वरची वीतभर माती उचलून काट्यावर घातली, तर ती अंदाजे दोन हजार टन भरेल. या सगळ्या मातीत सेंद्रिय कर्ब किती आहे, ते मृदा आरोग्य पत्रिकेवर एका आकड्यात छापून येतं. प्रयोगशाळेत हा आकडा ज्या मातीवरून काढतात, तिचं वजन असतं साधारण एक ग्रॅम. पाव चमचासुद्धा भरणार नाही एवढी माती. दोन अब्ज ग्रॅमांतला एक ग्रॅम.

मी कोल्हापुरात मृदाशास्त्र शिकते. माती तपासायचं म्हटलं की लोक मशीनबद्दल विचारतात. मशीन कुठलं, अचूक किती, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो. पण दोन हजार टनांचा एक ग्रॅम कसा झाला, हे कुणी विचारत नाही. माझ्या अनुभवात आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा या वाटेवरच.

आमच्या तात्यांचंच घ्या. त्यांनी एकाच घमेल्यातली माती दोन पाकिटांत भरून दोन ठिकाणी पाठवली. एकीकडून कर्ब आला ०.४४ टक्के, दुसरीकडून ०.८१. सर्वसाधारण हिशेबात ०.५च्या खाली म्हणजे कमी, ०.७५च्या वर म्हणजे भरपूर. कमी असेल तर नत्राची मात्रा वाढवायची आणि शेणखताच्या ट्रॉल्या विकत घ्यायच्या. भरपूर असेल तर तो खर्च वाचला. तात्या दोन्ही कागद माझ्यापुढं टाकून म्हणाले, "एक म्हणतंय रान उपाशी हाय, दुसरं म्हणतंय पोट भरलंय. मी कुणाचं ऐकू, सांग बघू."

मी त्यांना विचारलं, पाकिटं भरली कशी? घमेल्यात वरवर होती ती माती पहिल्या पाकिटात गेली, तळाची खरवडून दुसऱ्यात. घमेलं तर एकच होतं, मग फरक पडेलच कशाला, असं त्यांचं म्हणणं.

भडंगाचा डबा आठवा. पहिल्या दिवशी वाटीत नुसते मुरमुरे येतात. डबा संपत आला की तळाशी शेंगदाणे, लसूण आणि मसाला यांचा थर सापडतो. डबा एकच, भडंगही एकच, तरी पहिली वाटी आणि शेवटची वाटी सारखी नाही. वेगवेगळ्या आकाराचे आणि वजनाचे कण एकत्र हलले की ते मिसळत नाहीत, उलट वेगळे होतात. बारीक कण मोठ्या कणांच्या फटींतून खाली उतरतात. मातीचंही तेच होतं. रानातून घरापर्यंत मोटारसायकलवर हिंदकळत आलेल्या घमेल्यात वर ढेकळं आणि मुळ्या, तळाला भुकटी. वरून घेतलेली ओंजळ आणि तळाची ओंजळ या जवळजवळ दोन वेगळ्या माती असतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे ढीग करून चार भाग करणं. कृषी खात्याच्या पत्रकांत तो दोन ओळींत उरकलेला असतो, म्हणून जरा सावकाश सांगते. रानात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घेतली की दहा किलोच्या आसपास जमते. ती सावलीत वाळवायची आणि आधी ढेकळं फोडायची. नदीकाठच्या काळ्या रानात ढेकूळ सहज पन्नास ग्रॅमचं असतं. म्हणजे दहा किलोत दोनशेच ढेकळं. त्यांची वाटणी करायची म्हणजे माती वाटणं नव्हे, दगड वाटणं झालं. चार कमी, चार जास्त, असं होणारच.

मग गुळगुळीत ताडपत्री अंथरायची. गोणपाट नको, कारण सगळ्यात बारीक माती त्याच्या विणीत अडकून राहते. सगळी माती एकाच टोकावर ओतत शंकूसारखा ढीग करायचा. ओतताना मोठे कण घरंगळून पायथ्याशी जातात, बारीक मधोमध राहतात. म्हणजे इथंही वेगळं होणं थांबत नाही, पण ते सगळ्या बाजूंनी सारखं होतं, आणि सगळी युक्ती यातच आहे. ढीग वरून दाबून चपटा करायचा आणि बरोबर मध्यातून दोन रेघा मारून भाकरीसारखे चार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात मधली बारीक माती आणि कडेची जाड माती आपापल्या प्रमाणात येते. समोरासमोरचे दोन तुकडे ठेवायचे, दोन टाकायचे. समोरासमोरचेच का? ढीग एका बाजूला कलला असेल, तर एका तुकड्यात जास्त आलेलं त्याच्या समोरच्यात कमी असतं, आणि दोन्ही मिळून फरक बराचसा भरून निघतो.

उरलेल्या मातीचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. दहाचे पाच, पाचचे अडीच, मग सव्वा, मग सहाशे ग्रॅम. चार वेळा केलं की पाकिटापुरती माती उरते. कुठले दोन तुकडे ठेवायचे ते बघून ठरवायचं नाही, नाणं उडवायचं. आपला डोळा स्वच्छ, बिनखड्यांच्या तुकड्याकडे जातो, आणि खडे तर रानात आहेतच. टाकायच्या तुकड्याखाली राहिलेली धूळही त्याच्याबरोबरच झाडून टाकायची. ती ताडपत्रीवर राहिली, तर प्रत्येक फेरीत बारीक माती वाढत जाते.

हे नीट केलं तरी पद्धत काही निर्दोष नाही. ॲलन आणि खान या संशोधकांनी १९७० साली जाड आणि बारीक वाळूचं ६०:४० मिश्रण घेऊन वाटणीच्या पद्धती ताडून पाहिल्या. ढीग करून चार भाग केले, तेव्हा नमुन्यानमुन्यांत ६.८१ टक्क्यांचा फरक राहिला. नुसत्या चमच्यानं घेतलं तेव्हा ५.१४. फिरत्या चकतीवरच्या भांड्यांत थोडं थोडं ओतणाऱ्या यंत्रात फक्त ०.१२५. कोरडी वाळू फार घरंगळते, आणि रेघ मध्यातून जराशी सरकली की वाटणी बिघडते. भांड्यात जपून ढवळलेल्या वाळूतून चमचा भरणं आणि हिंदकळलेल्या घमेल्यातून ओंजळ भरणं यात मात्र फरक आहे. शेतकऱ्याकडे फिरती चकती नाही, ताडपत्री आहे. म्हणून ही पद्धत टिकली.

आता पाकिटातून एका ग्रॅमपर्यंतचा प्रवास. तात्यांची उरलेली माती मी लाकडी मोगरीनं फोडून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली आणि तिच्यातून एकेक ग्रॅमच्या पाच चिमटी तपासल्या. सगळ्यात कमी कर्ब ०.४१ आला, सगळ्यात जास्त ०.७७. माती तीच, रसायनं तीच, हातही माझाच.

कारण चाळणीत सापडलं. उसाची बारीक मुळी, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक आणि दीड सेंटिमीटर लांब, उभी पडली की दोन मिलिमीटरच्या भोकातून सहज जाते. वाळल्यावर तिचं वजन अंदाजे दहा मिलिग्रॅम. त्यात कर्ब जवळपास ४५ टक्के, म्हणजे साडेचार मिलिग्रॅम. एक ग्रॅम मातीत साडेचार मिलिग्रॅम म्हणजे ०.४५ टक्के. ही एक मुळी चिमटीत आली, तर 'कमी' असलेलं रान कागदावर एका झटक्यात 'भरपूर' होतं. तिचा तुकडाच आला तर मधलं काहीतरी. नाही आली तर रान उपाशी.

इथं कणाचा आकार सगळं ठरवतो. दोन मिलिमीटर जाडीचा मातीचा कण सुमारे अकरा मिलिग्रॅमचा असतो. असे कण एका ग्रॅमात नव्वदच मावतात. समजा शंभरात एक कण वेगळा आहे, तर नव्वदांत तो कधी एक येईल, कधी तीन, कधी एकही नाही. तीच माती ०.२ मिलिमीटरपर्यंत दळली, तर जाडी दहापट कमी होते, पण कण हजारपट वाढतात, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट घटतात. आता एका ग्रॅमात नव्वद हजार कण. त्यांतले वेगळे नऊशेच्या आसपास, आणि चढउतार तीस-चाळीसाचा. पिएर जी या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकापासून खाणीतल्या खनिजांवर काम करताना हाच नियम बांधला: नमुन्यातल्या चढउताराचा वर्ग कणाच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि नमुन्याचं वजन वाढवलं की घटतो. म्हणजे दोन मिलिमीटरच्या मातीतून तेवढीच खात्री हवी असेल, तर ग्रॅमाऐवजी किलोभर माती चंचुपात्रात टाकावी लागेल.

मी दळण्याचा मार्ग घेतला. चार भाग करत पन्नास ग्रॅम माती वेगळी काढली आणि ती सगळीच्या सगळी ०.२ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईपर्यंत दळली. सगळीच्या सगळी हे महत्त्वाचं. चाळणीवर चिवट मुळ्या उरतात. त्या फेकल्या, तर पाचही आकडे छान जुळतील आणि पाचही चुकीचे असतील. दळल्यावर पाच चिमटींचे आकडे ०.५२ ते ०.५६ मध्ये आले. तात्यांचं रान उपाशीही नव्हतं आणि पोटभर जेवलेलंही नव्हतं.

मग पहिल्यापासूनच सगळं का दळू नये? कारण दळल्यानं मातीही बदलते. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत जांभ्याचे. हे खडे भरडून मातीत मिसळले, तर एरवी मुळांना सहजासहजी न मिळणारा चुना आणि लोह तपासणीत दिसू लागतात. म्हणून पहिली फोड मोगरीनं, ढेकूळ फुटावं पण खडा फुटू नये इतपत. बारीक दळायचं ते फक्त कर्बासाठी काढलेल्या छोट्या भागाचं.

आणि दळणं रानातली चूक सुधारत नाही. माती बांधाखालची किंवा खताच्या ढिगाजवळची असेल, तर ती कितीही बारीक केली तरी बांधाखालचीच राहते. चूक कुठं आहे हे ओळखायचा एक सोपा मार्ग आहे. शेवटच्या फेरीत टाकायचे दोन तुकडे टाकू नका, त्यांचं दुसरं पाकीट करा आणि वेगळं नाव घालून त्याच प्रयोगशाळेत पाठवा. शिवाय त्याच रानात पुन्हा पंधरा-वीस ठिकाणं नव्यानं निवडून तिसरं पाकीट करा. पहिली दोन एकमेकांशी जुळली नाहीत, तर दोष वाटणीत, दळण्यात किंवा त्यापुढच्या तपासणीत आहे. ती जुळली आणि तिसरं वेगळं आलं, तर फरक रानातच आहे. त्या दोन एकरांना एकच आकडा लावण्याऐवजी रानाचे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा नमुना घ्यावा लागेल.

तिन्ही जुळली, तर शेणखताच्या ट्रॉल्यांचा हिशेब त्या आकड्यावर मांडायला हरकत नाही.