दशलक्षणातले पित्त आणि भाच्याची छाती



आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुले आज परदेशात आहेत. म्हणून २०२१ च्या दशलक्षण पर्वात न्यू जर्सीला माझ्या भाच्याचे जे झाले, ते सविस्तर लिहिते आहे. बहिणीची आणि भाच्याची परवानगी घेतली आहे. त्याचे म्हणणे एवढेच होते, की "मावशी, मला फार आजारी दाखवू नकोस."

भाचा १९ वर्षांचा, उंचापुरा, रोज पळणारा. कॉलेजसाठी लस सक्तीची होती. त्याने फायझरचा दुसरा डोस सोमवारी घेतला. मंगळवारी ताप आणि अंगदुखी, दंड ठणकत होता. बुधवारी सगळे उतरले. पर्व सुरू होते म्हणून त्याने एकाशन धरले आणि गुरुवारी उपवास केला, फक्त उकळलेल्या पाण्यावर. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीच्या मध्यभागी दुखू लागले. उठून बसला की थोडे बरे, आडवे झाले की पुन्हा तेच.

बहिणीचा मला फोन आला, तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सकाळ होती. "ताई, उपवासाचे पित्त चढलेय. पारण्यापर्यंत काय देऊ गं त्याला?" तिला असे वाटणे साहजिकच होते. आपल्या घरांत पर्वाच्या दिवसांत कुणी छातीला हात लावला, तर पहिला शब्द पित्त हाच येतो. माझी सून एम.डी. आहे. ती डबा भरता भरता ऐकत होती. तिने फोन हातात घेतला आणि आधी एकच विचारले, "मावशी, त्याची लस कधी झाली?" सोमवारी म्हटल्यावर तिने पुढचे विचारले. खोल श्वास घेतल्यावर दुखणे वाढते का? पुढे वाकून बसल्यावर कमी होते का? जिना चढताना दम लागतो का, धडधड होते का? भाच्याने तिकडून सांगितले, की संध्याकाळी दोन जिने चढताना पहिल्यांदाच थांबावे लागले होते. सून म्हणाली, "पित्ताची गोळी राहू द्या. आत्ता इमर्जन्सीत न्या, त्याला गाडी चालवू देऊ नका आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, की तीन दिवसांपूर्वी लसीचा दुसरा डोस झालाय."

हे वाक्य का महत्त्वाचे, ते तिने मला नंतर समजावले. फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए पद्धतीच्या लसी. त्यांच्यानंतर क्वचित कुणाच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर पेरिकार्डायटिस. हे सर्वांत जास्त दिसले ते सोळा-सतरापासून विशी-पंचविशीपर्यंतच्या मुलग्यांत, बहुतेक वेळा दुसऱ्या डोसनंतर आणि बहुतेकदा आठवड्याच्या आत, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या लसींच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली. प्रमाण अगदी कमी: तिथल्या नोंदींत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर लाखात साधारण दहा. कोविडच्या आजारानेही हृदयाला अशी सूज येते, त्यामुळे हे वाचून कुणी लसीलाच नावे ठेवू नयेत. पण लाखातल्या दहांत आपले पोर असले, तर ते ओळखता यायला हवे. एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीत दुखले तर हृदयाचा विचार डॉक्टरांच्याही मनात चटकन येत नाही, म्हणून लसीची तारीख आपणच सांगायची.

इमर्जन्सीत पहिला ईसीजी जवळजवळ साधाच आला. बहीण म्हणते, तिथेच आम्ही घरी परतलो असतो. पण लस ऐकल्यामुळे त्यांनी रक्तातले ट्रोपोनिन तपासले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की त्यातले हे प्रथिन रक्तात उतरते. ते वाढलेले निघाले आणि तीन तासांनी पुन्हा पाहिले तेव्हा आणखी वाढले होते. इकोत हृदयाचे पंपिंग चांगले दिसले, ही दिलाशाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये स्नायूची सूज स्पष्ट दिसली. साधा ईसीजी आणि चांगला इको असूनही सूज असू शकते, हे माझ्या डोक्यात पक्के बसले ते तेव्हापासून.

तीन दिवस छातीला तारा लावून मॉनिटरखाली ठेवले. सुजेसाठी आयबुप्रोफेन आणि कोल्चिसिन दिले. आता आपला प्रश्न आला. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी घेता येत नाही, आणि रात्रीचा डोस सूर्यास्तानंतरचा. पोरगा हट्टी, "पर्व पुरे होऊ दे" म्हणायला लागला. बहिणीने आमच्या बस्तीतल्या पंडितजींना फोन लावला. ते म्हणाले, "आजारपणात औषध घे, खा, आणि बरा झाल्यावर हवे तर प्रायश्चित्त घे. देह टिकला तर व्रत." उपवास सुटला. गोळ्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये नकोत, एवढे तिने नर्सला सांगितले आणि त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. विचारले तर मिळतात.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. दुखणे आठवड्यात थांबले, पण हृदयतज्ज्ञांनी पळणे, जिम, क्रिकेट सगळे तीन ते सहा महिने बंद केले. बाहेरून बरे वाटले तरी आत सूज उरलेली असते आणि अशा हृदयावर जोराचा ताण आला, तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. दुखणे अंगावर काढू नये, याचे मोठे कारण हेच. हा मुलगा दुर्लक्ष करून शनिवारी सकाळी पळायला गेला असता. चार महिन्यांनी चोवीस तासांचा होल्टर आणि ट्रेडमिल तपासणी ठीक आल्यावरच त्याला बूट घालू दिले. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही, असे त्याच्या कागदांवर लिहिले आहे.

बऱ्याच मैत्रिणी विचारतील, की मग पित्त ओळखायचे कसे. पित्तात जळजळ वर घशाकडे येते, आंबट ढेकर येतात. लसीच्या दंडाचे दुखणे दाबल्यावर कळते. पण यावरून घरी निकाल लावू नका. पित्ताची गोळी घेऊन जरा बरे वाटले, तरी हृदय ठीक आहे असे सिद्ध होत नाही. लसीनंतरच्या आठवड्यात तरुण मुलाला छातीत दुखणे, दम लागणे, धडधड किंवा घेरी यातले काहीही झाले, तर त्याच दिवशी तपासणी. दम जोराचा असेल किंवा शुद्ध हरपली, तर तिकडे ९११ आणि इकडे १०८.

आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. त्या या पद्धतीच्या लसी नाहीत. मात्र कोव्हिशील्डनंतर अत्यंत विरळा रक्ताच्या गुठळ्या झाल्या. म्हणून मे २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितले होते, की लसीनंतर वीस दिवसांत धाप, छातीत दुखणे, पाय सुजणे किंवा न थांबणारी डोकेदुखी झाली तर दाखवा. कारण वेगळे असले, तरी इथेही लसीची तारीख डॉक्टरांना सांगायचीच.

बहिणीने त्या आठवड्यानंतर फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे: लसीचे नाव, डोस कितवा, तारीख. परवा भाचा हसत म्हणाला, की त्याखाली तिने माझ्या सुनेचा फोन नंबरही लिहिलाय.