फुकटचे १०० जीबी

२०२३ च्या दिवाळीत बाबांना नवा फोन घेऊन दिला. सोबत १०० जीबी क्लाउड एक वर्ष फुकट! मी लगेच फोटोंचा बॅकअप ओरिजिनल क्वालिटीवर सुरू केला. फोन भरत आला तेव्हा 'जागा मोकळी करा' हे बटणही मीच दाबलं. बॅकअप झालेले फोटो फोनमधून गेले. म्हटलं, वर आहेतच की.

२०२४ च्या डिसेंबरात बाबांचा मेडिक्लेम अडकला. हॉस्पिटलचा एक कागद कमी होता, आणि तो मागणारी मेल बाबांना आलीच नव्हती. मी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून मेल टाकून पाहिली, तर परत आली. खाली कोड होता `552 5.2.2`, म्हणजे मेलबॉक्स फुल.

तेव्हा ट्यूब पेटली. ऑफर संपून महिना झाला होता. फोटो, फाइली आणि मेल या सगळ्यांना जागा एकच. वापर ६२ जीबी, आणि ऑफर गेल्यावर कायमची फुकट जागा फक्त १५. जुनं सगळं दिसत होतं, काहीच डिलीट झालं नव्हतं, म्हणून बाबांना शंका यायचं कारणच नव्हतं. बंद झालं होतं ते नवीन येणं. मुदत संपल्याच्या सूचना जाहिरातींच्या ढिगात पडून होत्या.

"फुकट दिलं होतं ना रे? मग माझी पत्रं का अडवली?" बाबांनी विचारलं. काय सांगणार..

माझा पहिला विचार होता, फटाफट व्हिडिओ उडवू. पण थांबलो. फोनमध्ये कॉपी नव्हती, ती मीच काढली होती. वरचं उडवलं की संपलं! म्हणून आधी एका महिन्याचे पैसे भरले. मेल त्याच दिवशी सुरू झाली, पण मधल्या महिन्यात परत गेलेल्या मेल काही आल्या नाहीत. कागद फोन करून पुन्हा मागवून घ्यावा लागला.

मग शनिवार-रविवार बसून सगळा डेटा झिप फाइलींमध्ये हार्ड डिस्कवर उतरवला. फोटोंची संख्या जुळवली, अधलेमधले व्हिडिओ उघडून पाहिले. नंतर मोठे व्हिडिओ आधी काढले. फोरकेचं एक मिनिट म्हणजे साधारण ३५० एमबी, त्यामुळे नातीच्या नाचानेच बरीच जागा खाल्ली होती. डिलीट करूनही आकडा हलेना, कारण सगळं ट्रॅशमध्ये होतं. तो रिकामा केल्यावर वापर १३ जीबीवर आला.

क्लेम तीन आठवडे उशिरा का होईना, मिळाला. आता अशी ऑफर घेतली की मी संपायच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकतो, माझ्या स्वतःच्या. त्या दिवशी एकच आकडा बघायचा: वापर १५ च्या आत आहे का?

असो. नातीचा नाच आता हार्ड डिस्कवर आहे. बाबा तो टीव्हीला जोडून बघतात.