कागदावर चालणारे ठिपके

मे महिन्यात हॉलमधल्या अरेका पामच्या पानांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागले. अम्मी म्हणाली, "धूळ असेल, पुसून टाक." पण हे ठिपके पुसले जाईनात. पानामागे, देठाच्या बेचक्यात, केसाहून बारीक जाळी होती. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. मोहरीहून कितीतरी लहान कण पडले आणि चालू लागले. हाच लाल कोळी.

त्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हे, म्हणून बरीचशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. कुंडी इतर झाडांपासून दूर नेली आणि पाने मागून पाण्याच्या धारेने धुतली. मग एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूवर फवारला. साबणाने अंगावर पडला तेवढाच कोळी मरतो, अंडी वाचतात आणि उन्हाळ्यात काही दिवसांतच फुटतात. म्हणून दर चार दिवसांनी, एकूण चार वेळा फवारणी केली. दुसऱ्या वेळी जाळी गेली होती, तरी कागदावर दोन कण चालतच होते.

ठिपक्यांचे पान पुन्हा हिरवे होत नाही. नवे पान स्वच्छ आले आणि कागद कोरा राहिला, तरच झाड वाचले म्हणावे.